इंग्रजी नोटीस मराठीत आणताना आदर कमी-जास्त होऊ नये म्हणून

बहुतेक वेळा भाषांतर म्हणून काही चुकलेले नसते. तारीख बरोबर असते, वेळ बरोबर असते, एकही वाक्य गळलेले नसते. तरी नोटीस बोर्डावर लागली की कोणीतरी म्हणतेच, "एवढे दरडावायचे काय कारण होते?" आणि पुढच्या नोटिशीला त्याच्या उलट, "हे आम्हाला लिहिलंय की कोर्टाला?" मूळ इंग्रजी मेल मात्र साधा, सभ्य असतो.

याचे कारण एका सवयीत आहे. इंग्रजीत सभ्यपणा बराचसा वाक्याच्या सुरुवातीला जोडलेल्या शब्दांत असतो. मराठीत तो सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटी असतो. भाषांतर करणारा "प्लीज"च्या जागी "कृपया" ठेवतो, क्रियापद "करा"वर सोडतो आणि काम झाले असे समजतो. खाली दिलेला क्रम पाळला तर ही चूक राहत नाही. क्रम महत्त्वाचा आहे, कारण संबोधन ठरवल्याशिवाय क्रियापद ठरत नाही आणि वाक्याचा जोर ओळखल्याशिवाय दोन्ही ठरत नाहीत.

## हाताशी एक संदेश

पुढचे सगळे टप्पे या एकाच संदेशावर करून पाहू. मुख्य कार्यालयातून सर्व कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजीत आलेला हा मेल आहे. त्यातली सात वाक्ये अशी:

१. येत्या सोमवारपासून सकाळची शिफ्ट आठऐवजी साडेसातला सुरू होईल ("आय अ‍ॅम रायटिंग टू इन्फॉर्म यू").
२. काहींची गैरसोय होईल याची जाणीव आहे, त्याबद्दल "वी रिग्रेट".
३. साडेसातच्या आत नव्या गेटवरच्या मशीनवर हजेरी लावायची आहे ("प्लीज एन्शुअर").
४. कंपनीच्या बसने येणाऱ्यांनी गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपला थांबा सुपरवायझरकडे नक्की करायचा आहे ("आर रिक्वेस्टेड टू").
५. अडचण असेल तर एचआरशी बोलायला "यू आर वेलकम".
६. हजेरी न लावणारे त्या दिवशी गैरहजर धरले जातील ("विल बी ट्रीटेड").
७. "थँक यू फॉर युवर को-ऑपरेशन".

आणि घाईत झालेले त्याचे मराठी असे:

> तुम्हाला सूचित करण्यात येते की सोमवारपासून सकाळची शिफ्ट साडेसात वाजता सुरू होईल. तसदीबद्दल क्षमस्व. कृपया साडेसातच्या आत नव्या मशीनवर हजेरी लावण्याची खात्री करा. बसने येणाऱ्यांनी गुरुवारी पाचपर्यंत आपल्या सुपरवायझरला भेटून स्टॉप नक्की करण्याची कृपा करावी. अडचण असल्यास एचआरशी बोला. अन्यथा गैरहजर धरले जाईल. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

यात आदर एकदा वर जातो, एकदा खाली येतो. पहिले वाक्य सरकारी आहे, दुसरे दुकानाच्या पाटीवरचे, तिसरे हुकमाचे, चौथे अर्जातले. मूळ मेल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आवाजात बोलतो.

## १. आधी पाठवणाऱ्याला विचारून घ्या

भाषांतराला बसण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: संदेश कोणाच्या सहीने जातो, तो नेमका कोण वाचणार आणि तो कुठे लागणार. बोर्डावर लावायचा कागद, एकेकाला द्यायचे पत्र आणि ग्रुपवर टाकायचा मजकूर यांची मराठी थोडी वेगळी होते. पाळी बदलताना कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर तेही आधी कळायला हवे. लांबलचक वाक्य कागदावर चालते, मोठ्याने वाचताना दम लागतो.

आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारा: हे करणे सक्तीचे आहे की अपेक्षित? इंग्रजीतले "शुड" कधी सल्ला असते, कधी हुकूम. "प्लीज एन्शुअर" तर दिसायला विनंती असली तरी बहुतेक वेळा सूचनाच असते. मूळ मेल लिहिणाऱ्याला एका ओळीत विचारून टाका. मराठीत सक्ती आणि विनंती यांचे क्रियापद वेगळे असल्याने इथे अंदाज चालत नाही.

सावधान: "ही नोटीस कामगारांसाठीच आहे, एवढे अदबीने कशाला" असे कोणी सुचवेल. मूळ संदेश सगळ्यांना एकच गेला असेल तर मराठीत पायरी उतरवण्याचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नाही. इंग्रजी आणि मराठी कागद बोर्डावर शेजारी शेजारी लागतात आणि दोन्ही वाचणारे लोक प्रत्येक विभागात असतात.

## २. प्रत्येक वाक्याचा जोर समासात लिहा

मूळ मजकूर छापून घ्या, नाहीतर वहीत उतरवा, आणि प्रत्येक वाक्यापुढे एक शब्द लिहा: माहिती, दिलगिरी, सूचना, विनंती, मुभा, परिणाम, किंवा नुसता शिष्टाचार. आपल्या संदेशात पहिले वाक्य माहिती, दुसरे दिलगिरी, तिसरे सूचना, चौथे विनंती, पाचवे मुभा, सहावे परिणाम आणि सातवे शिष्टाचार आहे.

या कामाला पाच मिनिटे पुरतात, आणि नेमके हेच सगळे टाळतात. ते केले की कच्च्या मसुद्यातला मोठा दोष लगेच दिसतो: सूचना असलेल्या तिसऱ्या वाक्यापेक्षा विनंती असलेले चौथे वाक्य कितीतरी जास्त वाकलेले आहे. "हजेरी लावण्याची खात्री करा" आणि लगेच "नक्की करण्याची कृपा करावी". मूळ मेलमध्ये या दोन वाक्यांत एवढी दरी नाही. वाचणाऱ्याला मात्र वाटते की हजेरीवर साहेब चिडलेले आहेत आणि बसच्या बाबतीत हात जोडताहेत.

## ३. "तुम्ही" की "आपण": एकदाच ठरवा

"आपण" जास्त आदराचे, म्हणून तेच घ्यावे असे वाटते. पण कर्मचाऱ्यांना जाणाऱ्या संदेशात मी शक्यतो "तुम्ही"च घेतो आणि त्याला कारण व्याकरणाचे आहे.

"आपण" हा शब्द मराठीत दोन कामे करतो. समोरच्याला मान देऊन बोलवायला तोच, आणि "तुम्ही-आम्ही मिळून" सांगायलाही तोच. बोलताना गोंधळ होत नाही, कारण क्रियापद सांगून टाकते: "आपण जाल" म्हणजे तुम्ही, "आपण जाऊ" म्हणजे सगळे. पण कचेरीच्या मराठीत जी रूपे सर्रास येतात, त्यांत हा फरक पुसला जातो. "आपण अर्ज करावा" यात कोण? "आपण ठरवलेल्या वेळेत काम पूर्ण व्हावे" यातली वेळ कंपनीने ठरवली, वाचणाऱ्याने ठरवली की दोघांनी मिळून? "आपल्या विभागाचा अहवाल" हा माझा, तुमचा की सगळ्यांचा? शिफ्टच्या वेळेसारख्या विषयात ही शंका महागात पडते.

दुसरी अडचण इंग्रजी "वी"ची. "या महिन्यात वी हॅव टू कम्प्लीट द ऑर्डर" असे वाक्य आले तर त्यात कर्मचारी धरलेले आहेत. तिथे "आम्हाला ऑर्डर पूर्ण करायची आहे" लिहिले तर वाचणारा बाहेर पडतो: तुमची ऑर्डर, तुम्ही बघा. तिथे "आपल्याला" हवे. पण तोच "आपण" तुम्ही समोरच्याला मान द्यायला वापरून बसला असाल तर आता हातात शब्दच उरत नाही. म्हणून वाटणी अशी ठेवा: वाचणाऱ्याला "तुम्ही", सगळ्यांना मिळून "आपण", फक्त कंपनी किंवा व्यवस्थापन बोलत असेल तेव्हा "आम्ही".

"आपण" कुठे घ्यावे? एका व्यक्तीच्या नावाने जाणाऱ्या औपचारिक पत्रात, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला लिहिताना, बाहेरच्या पाहुण्याला किंवा ग्राहकाला. तिथे "आपण" घेतले की कंपनीसाठी "आम्ही" किंवा सरळ "कंपनीने" लिहा आणि सगळे मिळून असा अर्थ असेल तिथे "आपण सर्वांनी" अशी भर घाला. "आपण सही केलीत", "आपण कळवलेत" अशी शेवटी "त" असलेली रूपे वापरली तरी अर्थ पक्का होतो.

तपासा: मसुद्यात "तुम्ही", "तुमचा", "आपण", "आपला" हे सगळे शब्द शोधून खूण करा. दोन्ही जाती समोरच्यालाच उद्देशून आल्या असतील तर एक काढा. आपल्या मसुद्याची सुरुवात "तुम्हाला"ने होते आणि शेवट "आपल्या सहकार्याबद्दल"ने. ते बदलायला हवे. पण "बसने येणाऱ्यांनी आपला थांबा कळवावा" यातला "आपला" तसाच राहू द्या. तो वाक्याच्या कर्त्याकडे बोट दाखवतो, मान दाखवत नाही. सरसकट शोधून बदलणाऱ्यांची गाडी इथेच घसरते.

## ४. क्रियापदाचा शेवट

आता खरे काम. एकच सूचना किती पायऱ्यांवर बसते ते पाहा:

- हजेरी लावा.
- कृपया हजेरी लावा.
- हजेरी लावावी.
- हजेरी लावावी, ही विनंती.
- हजेरी लावण्याची कृपा करावी.

पहिल्या दोघांत अंतर फार कमी आहे. "कृपया" आले तरी "लावा" हा हुकूमच राहतो, फक्त पाटीवरचा होतो. खरा बदल तिसऱ्या ओळीत होतो. "लावावी" म्हटले की बोट दाखवून बोलणे थांबते, सूचना मात्र सूचनाच राहते. औपचारिक इंग्रजीतल्या "प्लीज"वाल्या सूचनेची मराठीतली जागा बहुधा हीच आहे. "ही विनंती" फक्त तिथे जोडा जिथे समासात "विनंती" लिहिले आहे. पाचवी ओळ कर्मचाऱ्यांच्या संदेशात जवळजवळ कधीच लागत नाही. ती वरच्याला केलेल्या अर्जात शोभते. वरून खाली आली की टोमणा वाटते.

सक्तीची शिडी वेगळी आहे: "लावायची आहे", "लावणे आवश्यक आहे", "लावणे बंधनकारक आहे". यांत आदर कमी होत नाही, फक्त पर्याय कमी होत जातो. म्हणून मूळ मजकुरात "मस्ट" असेल तर घाबरून "लावावी, ही विनंती" करू नका. "आवश्यक आहे" सभ्यही आहे आणि ठामही. "लावावी लागेल" मात्र टाळा. त्यात "तुमची इच्छा असो वा नसो" ऐकू येते.

नकाराचेही तसेच. "मोबाइल वापरू नका" पेक्षा "मोबाइल वापरू नये" एक पायरी वर आहे. "चालणार नाही" आणि "खपवून घेतले जाणार नाही" हे मूळ लिहिणाऱ्याचा स्वर खरोखरच तसा असेल तरच.

"खात्री करा" बद्दल एक शब्द. "एन्शुअर"साठी ते आपोआप हातातून उतरते, पण हजेरी लावण्याची खात्री माणूस काय करणार? तो हजेरी लावतो. क्रिया सरळ सांगितली की वाक्य लहान होते आणि दरडावणेही जाते: "सर्वांनी साडेसातच्या आत नव्या गेटवरील मशीनवर हजेरी लावावी."

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या कामात वाचणाऱ्याचाच फायदा आहे तिथे "करा" उद्धट वाटत नाही. "या, बसा" हा हुकूम कोणालाच लागत नाही. म्हणून पाचव्या वाक्यात, जिथे मुभा आहे, "एचआर विभागाशी जरूर बोला" हे "बोलावे"पेक्षा आपुलकीचे आहे. कच्च्या मसुद्यातले नुसते "बोला" मात्र हात झटकल्यासारखे आहे. "जरूर" इथे शोभेला आलेले नाही, मूळ इंग्रजीतले "वेलकम" तेच भरून काढते.

## ५. कटू वाक्ये: दिलगिरी आणि परिणाम

"तसदीबद्दल क्षमस्व" ही पाटी आहे. मूळ मेलमध्ये दोन गोष्टी होत्या: गैरसोयीची जाणीव आणि दिलगिरी. पहिली गळाली की दुसरी उपचारापुरती उरते. दोन्ही ठेवा: "तुमच्यापैकी काहींची गैरसोय होईल याची आम्हाला कल्पना आहे आणि त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." याच्या उलट, मूळ मजकुरात नुसता खेद असेल आणि चूक मान्य केलेली नसेल, तर "माफी मागतो" लिहू नका. खेद, दिलगिरी आणि माफी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिसरीवर चढायचे की नाही ते सही करणारा ठरवेल.

परिणामाच्या वाक्यात "अन्यथा" हा शब्द धमकीचा सूर लावतो. इथे तर त्याने अर्थही बिघडवला. तो एचआरच्या वाक्यानंतर आला, त्यामुळे एचआरशी न बोलल्यास गैरहजर धरतील असे वाचले जाते! अट पूर्ण वाक्यात सांगा आणि नोंद माणसाऐवजी दिवसावर टाका: "ज्या दिवशी मशीनवर हजेरी लागलेली नसेल, त्या दिवसाची नोंद गैरहजर अशी होईल." यात कोणाला दटावलेले नाही, पण परिणाम तितकाच पक्का आहे.

सावधान: सौम्य करण्याच्या नादात "होईल"चे "होऊ शकते" करू नका. पगार कापला गेल्यावर लोक नोटीस दाखवतात, आणि मराठी नोटिशीत "शकते" लिहिलेले असते. आदर क्रियापदाच्या रूपात ठेवायचा, अर्थाला हात लावायचा नाही.

## ६. तिसऱ्या माणसाचा मान

ही चूक सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात जास्त लागते. भाषांतरात "व्यवस्थापक येतील" असे आदरार्थी अनेकवचन आपोआप येते, पण "वॉचमनला ओळखपत्र दाखवा", "ड्रायव्हरला सांगा", "सुपरवायझरला भेटा" असे एकेरी रूपही तितकेच आपोआप येते. इंग्रजी मजकुरात मॅनेजर आणि ड्रायव्हर यांच्यासाठी व्याकरण एकच असते. मराठीत फरक तुम्ही करता. "सुपरवायझरना", "चालकांना", "सुरक्षारक्षकांना" लिहा, कागदावर जागा तेवढीच लागते.

"जो कर्मचारी उशिरा येईल त्याला" याऐवजी "जे कर्मचारी उशिरा येतील त्यांना" लिहिले की एकेरीपण जाते आणि स्त्री कर्मचारी वगळल्याही जात नाहीत. लिहिणाऱ्याबाबतही तेच: सही करणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे माहीत नसेल तर "कळवतो", "विनंती करतो" टाळून "कळवत आहे", "विनंती आहे" वापरा.

## ७. सुरुवात आणि शेवट

"डिअर ऑल"साठी "प्रिय सर्व" मराठीत कोणी म्हणत नाही. "सर्व सहकाऱ्यांना नमस्कार" पुरेसे आहे. "सूचित करण्यात येते की" काढून "कळवत आहे" घ्या. मूळ मेलमध्ये "आय" आहे, म्हणजे माणूस बोलतो आहे, खाते नव्हे. शेवटी नाव आणि पद. "आपला विश्वासू" तेवढे औपचारिक पत्रासाठी राखून ठेवा.

सगळे जोडल्यावर संदेश असा होतो:

> सर्व सहकाऱ्यांना नमस्कार.
>
> येत्या सोमवारपासून सकाळची शिफ्ट आठऐवजी साडेसात वाजता सुरू होईल, हे कळवत आहे. या बदलामुळे तुमच्यापैकी काहींची गैरसोय होईल याची आम्हाला कल्पना आहे आणि त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> सर्वांनी साडेसातच्या आत नव्या गेटवरील मशीनवर हजेरी लावावी. कंपनीच्या बसने येणाऱ्यांनी गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपला थांबा सुपरवायझरांकडे नक्की करावा, ही विनंती.
>
> नव्या वेळेबाबत काही अडचण असल्यास एचआर विभागाशी जरूर बोला. ज्या दिवशी मशीनवर हजेरी लागलेली नसेल, त्या दिवसाची नोंद गैरहजर अशी होईल.
>
> तुमच्या सहकार्याबद्दल आभार.

"कृपया" एकदाही आलेले नाही. तो शब्द वाईट आहे असे नाही, त्याची गरज पडली नाही इतकेच.

## ८. लावण्याआधीची तपासणी

पहिली तपासणी: मसुद्यातले "कृपया", "विनंती", "धन्यवाद" हे सगळे बोटाने झाका आणि उरलेले वाचा. तरीही सभ्य वाटले तर क्रियापदे बरोबर आहेत. हुकूम वाटला तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

दुसरी: मोठ्याने वाचा आणि शेवटांकडे कान ठेवा. "करावे" आणि "करावं", "सांगितले" आणि "सांगितलं" एकाच कागदावर मिसळले असतील तर दोन माणसांनी लिहिल्यासारखे वाटते. बोर्डावरच्या कागदाला "करावे", ग्रुपवरच्या अनौपचारिक मजकुराला "करावं" चालेल, पण एक काहीतरी धरा.

तिसरी तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यायची. इंग्रजी न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त मराठी मजकूर द्या आणि तीन गोष्टी विचारा: यात सक्तीचे काय आहे, ऐच्छिक काय आहे, आणि लिहिणारा रागावलेला वाटतो का? पहिल्या दोन उत्तरांची तुमच्या समासातल्या शब्दांशी गाठ घाला. जुळली नाहीत तर तेवढेच वाक्य दुरुस्त करा. सगळा मजकूर पुन्हा मऊ करायला बसू नका, नाहीतर दुरुस्त झालेली वाक्येही अर्जाच्या भाषेत जातील. तिसऱ्या प्रश्नाला "हो" आले तर कोणत्या शब्दावर तसे वाटले ते विचारा. बहुधा ते बोट एखाद्या क्रियापदाच्या शेवटावर किंवा राहून गेलेल्या "अन्यथा"वर पडते.